केनिया-टांझानिया: तिकीट काढण्याआधी यलो फीवरचं काय ते पक्कं करायचंय

मृदगंधा_पुणे

नमस्कार मंडळी. ऑगस्टमध्ये आफ्रिकेत प्राण्यांचं स्थलांतर बघायला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६८). बेत असा: १४ ऑगस्टला मुंबईहून थेट नैरोबी, मसाई मारात तीन रात्री, १८ तारखेला गाडीने नमांगाची सीमा ओलांडून अरुषा, मग सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो, शेवटी झांझिबार. २५ला झांझिबारहून अदिस अबाबामार्गे मुंबई. अदिसला १४ तास थांबा आहे, पण विमान कंपनी हॉटेल देतेय आणि तिकीट चांगलंच स्वस्त पडतंय. ही सवलत रविवारपर्यंतच आहे, म्हणून घाई.

प्रश्न लशीचा. केनियाच्या नियमांत वाचलं की यलो फीवरचं प्रमाणपत्र फक्त 'धोका असलेल्या देशांतून येणाऱ्यांना' लागतं. भारतात हा आजार नाहीच, म्हणजे आम्हाला लागू नये. टांझानियाचंही वाक्य तेच. टूरवाला म्हणतो, "घेऊन ठेवा, बरं असतं." बरं असतं म्हणजे काय? लागतं की नाही लागत? सासूबाईंना संधिवाताच्या गोळ्या चालू आहेत, त्यामुळे उगाच कुठलीही लस टोचायची नाहीये.

सह्यभटक

अगदी नि:शंक जा. केनियाला भारतातून थेट जाणाऱ्याला लागत नाही. माझा मित्र गेल्या वर्षी जाऊन आला, नैरोबीला कुणी विचारलंसुद्धा नाही. तिकडचा इमिग्रेशनवाला ईटीए, म्हणजे आधी ऑनलाइन काढलेली प्रवेश परवानगी, बघतो, बोटांचे ठसे घेतो आणि हसून सोडतो. टूरवाले घाबरवतात.

नैरोबीतला_नाना

मी बरीच वर्षं नैरोबीत राहतो. सह्यभटक, अर्धं बरोबर आहे. मुंबईहून थेट आलेल्याला इथे बहुतेक वेळा विचारत नाहीत, नियमही तसाच आहे. पण मित्र परत गेला तेव्हा मुंबईत काय झालं ते विचारलंत का? केनिया स्वतः धोक्याच्या यादीत आहे. आमच्याकडे भारतातून पाहुणे यायचे असले की मी पहिला प्रश्न पिवळ्या कार्डाचा, म्हणजे यलो फीवरच्या प्रमाणपत्राचा करतो. ते इथे येण्यासाठी लागत नाही, घरी परत शिरण्यासाठी लागतं.

सह्यभटक

मित्राकडे कार्ड होतंच म्हणे, आत्ता विचारलं. त्याने ऑफिसच्या कामासाठी आधी कधीतरी लस घेतली होती. बरं, हे मला माहीत नव्हतं. स्वतःच्याच देशात यायला कोण अडवणार?

उमा_जोगळेकर_ठाणे

मृदगंधा, मलेरियाच्या गोळ्या विसरू नकोस हं. आम्ही गेलो तेव्हा डॉक्टरांनी जायच्या आदल्या दिवसापासून सुरू करायला सांगितल्या होत्या, परत आल्यावरही आठवडाभर. ओडोमॉस भारतातूनच न्या.

मृदगंधा_पुणे

उमाताई, मलेरियाचं डॉक्टरांशी बोलणार आहेच, धन्यवाद. माझा प्रश्न मात्र दारात अडवतील का, हा आहे. नानांनी लिहिलंय ते वाचून पोटात गोळा आला. म्हणजे प्रश्न केनियाचा नाहीच, आपल्याच विमानतळाचा?

बंदरवाला

मी बंदर आरोग्य खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. जहाजावरून उतरणाऱ्यांची ही पिवळी पुस्तकं तपासण्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आपण एवढे कडक का, ते. पीतज्वराचा, म्हणजे यलो फीवरचा विषाणू पसरवतो तो एडिस इजिप्ती डास. डेंग्यूचा डासही तोच, म्हणजे तुमच्या-माझ्या कुंड्यांच्या ताटल्यांत वाढणारा. डास आपल्याकडे मुबलक, विषाणू नाही आणि लोकांत प्रतिकारशक्तीही नाही. एक आजारी माणूस आत आला आणि त्याला इथल्या डासाने चावलं, तर आजाराला दार उघडलं. त्यामुळे भारताचा नियम पासपोर्ट बघत नाही. भारतीय असो वा परदेशी, धोक्याच्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत जो भारतात येईल त्याने चालू प्रमाणपत्र दाखवायचं. नसेल तर विलगीकरण. ते किती दिवस? त्या देशातून निघाल्यापासून सहा दिवस पुरे होईपर्यंत किंवा प्रमाणपत्र लागू होईपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. सहाच का, तर चावल्यापासून ताप यायला साधारण तीन ते सहा दिवस लागतात.

आता तुमचा मार्ग. "भारतातून येणाऱ्याला लागत नाही" हे वाक्य प्रत्येक देशाच्या दारावर नव्याने वाचावं लागतं, कारण दुसऱ्या दारावर तुम्ही भारतातून येत नसता.

पहिलं दार नैरोबी. तुम्ही मुंबईहून येताय. लागत नाही.

दुसरं दार नमांगा. तिथे तुम्ही भारतीय असाल, पण येताय केनियातून. टांझानिया धोक्याच्या देशांतून येणाऱ्या एक वर्षावरच्या प्रत्येकाकडे प्रमाणपत्र मागतो. मसाई मारात तीन रात्री काढून तुम्ही गाडीतून उतरलात की तुम्ही नेमके तेच प्रवासी. तुमच्या मुलालाही लागणार, सासूबाईंनाही. सीमेवरच्या आरोग्य खिडकीवर हे बघतात.

तिसरं दार अदिस अबाबा. इथिओपियाही धोक्याच्या यादीत आहे. चौथं मुंबई.

या चारांतलं तिसरं दार तुम्ही तिकिटासोबत फुकट घेताय, म्हणून त्याबद्दल वेगळं लिहितो. जेवून येतो.

गवतफुला

बंदरवाला काका, तुम्ही जेवून या, तोवर मी विचारते: ही लस अंड्यावर करतात ना? आम्ही अंडं खात नाही.

बंदरवाला

हो, कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर विषाणू वाढवून करतात. अंडं न खाणं वेगळं आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असणं वेगळं. दुसऱ्या गटाने टोचून घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. पहिल्या गटाचा निर्णय ज्याचा त्याने करावा. लशीला दुसरा पर्याय नाही.

तर अदिस. नुसतं विमान बदललं आणि माणूस विमानतळाच्या आतच राहिला, तर भारतात सवलत आहे. मात्र तो आतच होता याची खात्री आरोग्य अधिकाऱ्याला पटली पाहिजे. ही खात्री तो कशी करणार? पासपोर्टवर त्या देशाचा शिक्का नाही आणि बोर्डिंग पास जुळतात, एवढ्यावरून. तुम्ही १४ तासांचा थांबा घेऊन कंपनीच्या हॉटेलात झोपायला गेलात की इथिओपियात शिरलात. आता तुम्ही तिथून निघून चार-पाच तासांत मुंबईत उतरणार.

गंमत बघा. तुम्ही केनिया सोडला १८ला आणि मुंबईत पोचणार २६ला. म्हणजे केनियाचे सहा दिवस वाटेतच उलटून गेले होते. त्या हॉटेलाने घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं.

सह्यभटक

अरे वा! मग हॉटेल नको, विमानतळावरच बाकावर झोपायचं. किंवा परतताना दुबईत सहा दिवस काढायचे. प्रश्नच मिटला.

बंदरवाला

मुंबईपुरता मिटेल. नमांगाचा कसा मिटवणार? तिथे सहा दिवसांची वाट बघत केनियात बसलात तर केनियातच राहिलात. आणि झांझिबारला जातानाही कागद बघतात असं अनेकांनी सांगितलंय.

बाकावर झोपण्याबद्दल: टांझानियासह बऱ्याच देशांचा नियम असा आहे की धोक्याच्या देशाच्या विमानतळावर १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर विमानतळाबाहेर न पडताही प्रमाणपत्र लागतं. दक्षिण आफ्रिकेचाही तोच. त्यामुळे मुंबई-अदिस-जोहान्सबर्ग असं स्वस्त तिकीट घेणाऱ्याने थांब्याचे तास मोजावेत. तीन तासांचा थांबा आणि तेरा तासांचा थांबा ही दोन वेगळी तिकिटं आहेत, किंमत काहीही असो.

तांडेल_रत्नागिरी

मर्चंट नेव्हीत आहे. आमच्या बॅगेत पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक आणि पिवळं पुस्तक ही तीन पुस्तकं कायम. माझं पुस्तक २००९चं आहे आणि त्यावर दहा वर्षं वैध असं लिहिलंय. दर दहा वर्षांनी परत टोचावी लागते, तेवढं लक्षात ठेवा. मी यंदा पुन्हा घेणार आहे, पश्चिम आफ्रिकेचं जहाज मिळतंय.

बंदरवाला

तांडेल, थांबा. ११ जुलै २०१६पासून नियम बदलला. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीत दुरुस्ती झाली आणि एकदा घेतलेली लस जन्मभर धरली जाते. जुन्या पुस्तकांनाही ते लागू आहे. दहा वर्षं छापलेली असली तरी कोणताही देश त्या कारणाने तुम्हाला अडवू शकत नाही. तुम्हाला नवी सुई नको.

तांडेल_रत्नागिरी

काका, नियम तुम्ही सांगताय तो बरोबर असेल. पण एका बंदरात एजंटने पुस्तक बघून "एक्स्पायर्ड" म्हणून दीड तास घातला होता. माझ्या क्रूमधल्या दोघांनी कटकट नको म्हणून परत घेतली. रात्री दोन वाजता गँगवेवर कुणाला नियमावली शिकवणार?

बंदरवाला

तेही खरं. त्या दुरुस्तीचं पान छापून पुस्तकातच ठेवा, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही. पश्चिम आफ्रिकेत फ्रेंचचा उपयोग होईल. मी तरी निव्वळ वाद टाळायला जिवंत विषाणूची लस पुन्हा घेणार नाही. तुमचा निर्णय तुमचा.

मृदगंधा_पुणे

काका, खूप खूप धन्यवाद. म्हणजे या मार्गाने जायचं तर चौघांनाही लस हवीच, बरोबर? आता दोन प्रश्न. एक, ती कधी आणि कुठे घ्यायची. दोन, सासूबाई. त्यांना संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी असते.

केसरबाग

मी मुंबईत घेतली होती, त्याबद्दल सांगते. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. आरोग्य मंत्रालयाने नेमलेल्या केंद्रांतच मिळते, यादी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना आहेत, गोव्यात मुरगाव बंदराचं कार्यालय. पुण्याचं यादीत बघ आणि फोन करूनच जा. रोज देत नाहीत. एका कुपीत बरेच डोस असतात आणि फोडली की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून माणसं जमवून ठरावीक वारी देतात. मी सोमवारी फोन केला आणि पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली. मधेच साठा संपला तर तेही थांबतं.

टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं. पाचव्या दिवशी अंग मोडून आलं, कणकण वाटली, एका दिवसात गेलं. पासपोर्ट मूळ न्यायचा, झेरॉक्स नाही.

बंदरवाला

केसरबाग यांनी नीट सांगितलं. त्यात तारखांची भर घालतो. प्रमाणपत्र टोचल्या दिवशी लागू होत नाही, दहा दिवसांनी होतं. तुमचं विमान १४ ऑगस्टला. ४ ऑगस्टला टोचलं तर १४ला लागू. ५ला टोचलं तर १५ला. तुम्ही म्हणाल नमांगा तर १८ला आहे, चालेल की. कागदावर चालेल. पण लशीचं संरक्षण मसाई मारात हवंय आणि मुंबईच्या काउंटरवरच्या माणसाशी तारखांचा हिशेब घालायची वेळ येऊ नये. केंद्राची वेळ मिळायला लागणारे दिवस धरून मी जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात उरकलं असतं.

मुलाबद्दल एक. त्याला एवढ्यात गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्यांची लस द्यायची आहे का? त्याही जिवंत लशी आहेत. एकाच दिवशी तरी द्याव्यात, नाहीतर चार आठवड्यांचं अंतर ठेवावं असं सांगतात. बालरोगतज्ज्ञांना तारीख सांगा.

पुस्तक हातात पडलं की खिडकी सोडण्याआधी वाचा. नाव पासपोर्टसारखं, अक्षर न् अक्षर. जन्मतारीख, टोचल्याची तारीख, लशीचा बॅच क्रमांक, देणाऱ्याची सही, केंद्राचा शिक्का आणि तुमची स्वतःची सही. शिक्का पुसट असेल तर तिथल्या तिथे पुन्हा मारून घ्या. मी जी पुस्तकं परत पाठवली त्यांत खोटी फार थोडी होती, बहुतेकांत बॅच क्रमांक नव्हता किंवा नाव "सौ. अमुक" असं घरगुती लिहिलेलं होतं. लहान मुलाच्या जागी पालकाने सही करायची.

बाबू_टपाल

एजंट घरपोच पुस्तक देतात, सुई न टोचता. माझ्या ओळखीत आहे एक. सासूबाईंसाठी तोच मार्ग.

नैरोबीतला_नाना

बाबू, कृपया. १९८०च्या दशकाचा सल्ला २०२०च्या दशकात देऊ नका. पकडलं गेलं तर परक्या देशात खोट्या कागदाचा गुन्हा, आणि न पकडलं गेलं तर ६८ वर्षांची बाई लस न घेता डासांत. दुसरं जास्त वाईट आहे. हा आजार वाढला तर यकृत जातं, त्यावर औषध नाही.

डॉ_रेवा_सातारा

मी फिजिशियन आहे, प्रवासवैद्यक माझा विषय नाही. पण सासूबाईंबद्दल लिहिणं भाग आहे. ही जिवंत विषाणूची लस आहे, १७डी नावाची. ती माक्स थायलर यांनी १९३०च्या दशकात तयार केली आणि १९५१ चं नोबेल मिळवलं. बहुतेकांना ती काही त्रास देत नाही. पण दोन गटांत गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो: वयाने साठीपुढचे आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे. लशीतला विषाणूच अंगात पसरतो. दुर्मीळ आहे, पण होतं तेव्हा जिवावर बेततं. तुमच्या सासूबाई दोन्ही गटांत आहेत. मी त्यांना न बघता हो किंवा नाही म्हणणार नाही, पण माझ्यापुढे बसल्या असत्या तर मी सुई हातात घेतली नसती. त्यांच्या संधिवाततज्ज्ञांना विचारा आणि "आफ्रिकेला जायचंय" एवढंच न सांगता "यलो फीवरची लस" असं सांगा.

सह्यभटक

मेथोट्रेक्सेट महिनाभर बंद ठेवून लस घेतली तर?

डॉ_रेवा_सातारा

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. किती काळ बंद ठेवायची, ठेवायची की नाही, त्या काळात सांधे कसे सांभाळायचे, हे त्यांचे डॉक्टर ठरवतील. सहलीच्या तारखेला गोळ्यांचं वेळापत्रक वाकवू नये. आणि गोळी बंद केली तरी वय ६८च राहतं.

मृदगंधा_पुणे

रेवाताई, आज फोन केला. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. लेखी देतो म्हणाले, की वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही. त्या पत्रावर नमांगा आणि मुंबई होईल का?

बंदरवाला

पत्र इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये हवं, कारण लिहिलेलं हवं, डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक हवा. पिवळ्या पुस्तकात यासाठी जागा असते, तिथेही नोंदवून घेतात. आंतरराष्ट्रीय नियमावली सांगते की असं पत्र आणणाऱ्याचा उतरण्याच्या ठिकाणच्या अधिकाऱ्याने विचार करावा. 'विचार करावा' एवढंच. सोडलंच पाहिजे असं नाही. आपल्याकडेही जुनाट आजारामुळे लस न घेता येणाऱ्यांसाठी सवलत आहे, पण निर्णय त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या अधिकाऱ्याचा. माझ्या हाताखालून असे लोक पत्रावर गेलेत.

केसरबाग

काका, माझ्या आत्याचा अनुभव उलटा आहे. पत्र असूनही विलगीकरणात ठेवलं, तीन दिवस. कुठल्या विमानतळावर ते लिहीत नाही. "नियमात सवलत आहे" म्हणून कुणी निश्चिंत जाऊ नये.

बंदरवाला

त्या दिवशी मी तिथे नव्हतो, त्यामुळे वाद घालत नाही. अधिकाऱ्याला तेवढा अधिकार आहे, हे खरंच.

नैरोबीतला_नाना

आणि कागद राहू दे बाजूला, डासाला पत्र दाखवता येत नाही. मृदगंधा, मार्गच बदलता येईल का बघ. वाईट वाटतं मला हे लिहायला, मारा बघायलाच या म्हणून मी सगळ्यांच्या मागे असतो. पण स्थलांतर दोन देशांचं आहे. ऑगस्टमध्ये कळप मारा नदी ओलांडतात ती नदी सेरेंगेटीच्या उत्तर टोकातूनही वाहते. कोगातेंदेच्या बाजूला तंबू घेतलास तर तेच ओलांडणं टांझानियातून दिसतं. महाग पडेल, आणि अरुषाहून तिथवर गाडीने लांबचा पल्ला आहे. सासूबाईंसाठी छोटं विमान घ्यावं लागेल. पण नैरोबी आणि नमांगा दोन्ही टळतील. मुंबईहून दोहामार्गे किलिमांजारो, परत दोहामार्गेच.

मृदगंधा_पुणे

नाना, हे मला सुचलंच नसतं! म्हणजे भारतातून दोहा, दोहातून टांझानिया. कतार धोक्याच्या यादीत नाही, भारतही नाही, त्यामुळे टांझानिया विचारणार नाही. आणि परत येताना?

तांडेल_रत्नागिरी

परत येताना विचारतील की. टांझानिया पण यलो फीवरवाला देश आहे. मी ज्या केंद्रात गेलो होतो तिथे भिंतीवरच्या यादीत होता.

बंदरवाला

इथे जरा गुंता आहे. जागतिक आरोग्य संघटना देशांचे गट करते. केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया हे 'धोका आहे' या गटात. टांझानिया, झांबिया, रवांडा हे 'संपर्काची शक्यता कमी' या गटात, त्यांच्यासाठी ही लस सरसकट सुचवली जात नाही. पूर्वी टांझानिया पहिल्या गटात होता, त्यामुळे जुन्या छापील याद्यांत दिसतो. पण मुंबईच्या दारावर भारताची स्वतःची यादी चालते. म्हणून भिंतीवर विसंबू नका, माझ्यावरही नको. मुंबई विमानतळ आरोग्य संघटनेला ईमेल करा. मोघम विचारू नका. मार्ग, तारखा, वय आणि "फक्त टांझानिया, दोहामार्गे, केनिया-इथिओपियात पाय नाही" असं लिहा आणि आज लागू असलेली यादी मागा. उत्तर आलं की छापून सोबत ठेवा.

दुसरं, विमान कंपनीचा काउंटर. तिथली माणसं टाइमॅटिक नावाच्या माहितीकोशात बघून ठरवतात कुणाला विमानात घ्यायचं. आयाटाच्या संकेतस्थळावर त्यातलीच माहिती प्रवाशालाही बघता येते. नागरिकत्व, निघायचं ठिकाण, थांबे, उतरायचं ठिकाण भरायचं. जाण्याचं एकदा आणि येण्याचं पुन्हा वेगळं. लोक फक्त जाण्याचं बघतात.

सह्यभटक

तोवर रविवारची सवलत जाईल.

मृदगंधा_पुणे

जाऊ दे. ते अदिसचं तिकीट तसंही घेणार नव्हतेच आता. ईमेल केलाय, उत्तर आलं की इथे टाकते. नवरा म्हणतो आम्ही तिघं लस घेऊन मारा करू आणि आई थेट झांझिबारला भेटेल. सासूबाई म्हणतात मला समुद्र बघायचा असता तर गुहागरला गेले असते. घरात सध्या यावर बैठका चालू आहेत.

गवतफुला

😄 सासूबाईंना माझा नमस्कार.

काका, अजून एक. आमचं युगांडाचं घाटतंय, गोरिला बघायला. तिथेही भारतातून थेट गेलो तर जाताना लागत नाही ना?

बंदरवाला

युगांडाला लागतं. तो देश कुठून आलात हे विचारतच नाही, एक वर्षावरच्या प्रत्येकाकडे मागतो. परतताना मुंबईतही लागणार. लशीची वेळ आधी घ्या, तिकीट नंतर. गोरिलांचे परवाने कसे मिळतात ते मला माहीत नाही, नानांना विचारा.